गणपतीच्या मूर्तीवर 'इको-फ्रेंडली' न लिहिता खरं काय लिहायचं: बडोद्यातल्या एका ९ इंची शाडूच्या मूर्तीवरून

दांडिया बाजारात राहणारी माझी मामेबहीण (ताईच म्हणते मी तिला) चार वर्षांपासून घरून गणपती विकते, एका मूर्तिकार काकांकडून ९ इंची शाडूच्या मूर्ती घेते आणि नीट पॅक करून पूर्ण शहरात पाठवते. मागच्या जुलैमध्ये तिने मला व्हॉट्सॲपवर तिचा मजकूर पाठवला, म्हणाली जरा छान करून दे. मजकूर असा होता:

"१०० टक्के इको-फ्रेंडली बाप्पा! बायोडिग्रेडेबल शाडू माती, नैसर्गिक रंग, केमिकल-फ्री, निसर्गाला शून्य हानी. पाण्यात पूर्ण विरघळतो."

मी छोट्या दुकानदारांसाठी कॉपी लिहिते, आणि हा मजकूर वाचल्यावर पहिलं हे लक्षात आलं की ताई खोटं बोलत नाहीये, तिला हे सगळं खरंच वाटतंय, पण ह्यातलं एकही वाक्य कुणी विचारलं तर तिला सिद्ध करता येणार नाही. मग आम्ही चार संध्याकाळी बसून ते परत लिहिलं. तेच इथे क्रमाने सांगते. जे पहिल्यांदा सणाचा इको माल विकायला निघालेत, मूर्ती असो की पणत्या की राख्या, त्यांना हाच रस्ता कामाला येईल.

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंग आणि दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या बनवणाऱ्याला लागू आहेत, विकणाऱ्याला लागू आहेत, जाहिरात लिहिणाऱ्या एजन्सीलाही लागू आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नॅचरल', 'ऑरगॅनिक', 'सस्टेनेबल' असले शब्द त्यात नाव घेऊन सांगितलेत की नुसते वापरायचे नाहीत, सोबत नेमका खुलासा आणि पुरावा पाहिजे, आणि दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की एका भागाबद्दल, बनवण्याबद्दल की पॅकिंगबद्दल की टाकून देण्याबद्दल, हेही स्पष्ट पाहिजे. 'कंपोस्टेबल', 'नॉन-टॉक्सिक', अमुक-फ्री, प्लास्टिक-फ्री अशा नेमक्या शब्दांना तर प्रमाणपत्र किंवा विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा किंवा त्रयस्थाकडून केलेली तपासणी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला खरं सांगायचं तर दंडापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते: जी बाई आपल्याकडून मूर्ती घेते ती ते वाचूनच ठरवते की विसर्जन कुठे करायचं आणि उरलेला चिखल कुठे टाकायचा. मजकूर चुकला तर तिच्या हातून चूक होते.

पहिली पायरी: वस्तू सुटी करून लिहा

मूर्ती म्हणजे एक वस्तू नाही. कागद घ्या आणि वेगवेगळ्या ओळी करा: माती, आतला आधार, रंग, चिकटवलेली सजावट, खालचा पाट, पॅकिंग. आता प्रत्येकासमोर लिहा की ते काय आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं की तुम्ही स्वतः पाहिलं. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण आपल्या मजकुरातलं निम्मं हे 'काका म्हणाले' असतं.

ताईने काकांना फोन केला. "काका, माती कुठली येते आपल्याकडे?"

"भावनगरकडची शाडू. गोणी येतात. का गं?"

"आणि रंग?"

"वॉटर कलर. सगळे वॉटर कलरच असतात ताई."

आम्ही फोनवर विश्वास ठेवला असता तर 'वॉटर बेस्ड नैसर्गिक रंग' लिहून मोकळे झालो असतो. पण रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. अंगाच्या रंगावर ॲक्रिलिक इमल्शन लिहिलेलं, मुकुटावर मेटॅलिक गोल्ड, सोंडेत पातळ लोखंडी तार (नाहीतर ट्रान्सपोर्टमध्ये तुटते, काका त्यात बरोबरच आहेत), गळ्यात प्लास्टिकचे मोती. काकांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्यासाठी जो रंग पाण्यात पातळ होतो तो वॉटर कलर. पॅकिंग ताईचं स्वतःचं, त्यात फोम शीट. म्हणजे १०० टक्के हा आकडा पहिल्याच कागदावर गेला.

दुसरी पायरी: एकेक शब्द घेऊन विचारा की ह्याचा अर्थ काय

बायोडिग्रेडेबल. हा शब्द मातीच्या मूर्तीवर सगळीकडे दिसतो आणि तो मुळातच चुकीच्या जागी आहे. बायोडिग्रेडेबल म्हणजे जे जिवाणू, बुरशी खाऊन संपवतात, भाजीची सालं, कागद, शेण वगैरे. शाडू ही खनिज माती आहे, त्यात जिवाणूंना खायला काही नाही, ती आधीच दगड झिजून झालेली आहे. ती कुजत नाही आणि तिला कुजायची गरजही नाही. तिची चांगली गोष्ट वेगळीच आहे, की ती न भाजलेली असते म्हणून पाण्यात परत सुटी होते. प्लास्टर ऑफ पॅरिस एकदा सेट झालं की त्याचं जिप्सम होतं आणि ते पाण्यात फार हळू विरघळतं, म्हणून त्याचे हातपाय नदीकाठी महिनोन्‌महिने पडलेले दिसतात.

'विरघळतो' हाही तसाच. मीठ विरघळतं, साखर विरघळते. शाडू भिजून फुटते, तिचा गाळ होतो आणि तळाशी बसतो. बोलताना आपण सगळेच विरघळली म्हणतो, त्याला काही हरकत नाही, पण विकताना गाळ उरतो हे लिहावं, कारण ग्राहकाला सकाळी बादलीत दोन किलो चिखल दिसणार आहे आणि त्याचं काय करायचं हे तिला आधी माहीत पाहिजे. आणि 'मातीची मूर्ती' एवढंच लिहू नका, टेराकोटाही मातीच असते पण ती भाजलेली, ती पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहते, घराच्या कौलासारखी. 'न भाजलेली शाडू माती' हे चार शब्द सगळं काम करतात.

नैसर्गिक रंग. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. वॉटर बेस्ड म्हणजे बाटलीतला रंग पाण्याने पातळ होतो, एवढंच. ॲक्रिलिक सुकला की त्याची प्लास्टिकची पातळ साय होते. घरी ओळखायचं असेल तर ओलं पांढरं फडकं मूर्तीच्या मागच्या बाजूला हलकं घासा, रंग फडक्यावर आला तर तो बहुतेक गोंदात घोटलेला आहे, गेरू किंवा पोस्टर कलरसारखा, आणि अजिबात नाही आला तर ॲक्रिलिक किंवा ऑइल पेंट समजा. ह्यावरून फक्त रंग कशाने धरलाय ते कळतं, त्यातली पावडर विषारी आहे की नाही ते नाही कळत. शिसं किंवा दुसरा जड धातू नाही असं लिहायचं असेल तर लॅबचा रिपोर्टच पाहिजे, बाटलीवरच्या 'नॉन-टॉक्सिक' वरून ते लिहू नका, ते तलावातल्या पाण्याचा विचार करून छापलेलं नसतं.

केमिकल-फ्री तर सरळ काढाच. पाणी पण केमिकल आहे, माती पण. त्याऐवजी जे नाही आणि जे तुम्ही तपासलंय त्याचं नाव घ्या. आम्ही लिहिलं 'प्लास्टर ऑफ पॅरिस नाही', पण त्याआधी एका तुटलेल्या मूर्तीचा तुकडा पाण्यात टाकून पाहिला: शाडूचा तुकडा बोटाने दाबला की लोण्यासारखा होतो, पीओपीचा कडक राहतो. मिसळलेली असेल तर बारीक कडक खडे बोटाला लागतात.

आणि 'शून्य हानी' हे कुणालाच लिहिता येत नाही. माती खाणीतून निघते, ट्रकने येते.

तिसरी पायरी: बादली

मला विचाराल तर सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि नवीन लोक हीच करत नाहीत. 'दोन तासात विरघळतो' असं जे मजकुरात असतं ते बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टवरून उचललेलं असतं.

विक्रीची चांगली मूर्ती वाया घालवू नका, कान तुटलेली किंवा चिरा गेलेली घ्या, पण ती त्याच लॉटची आणि पूर्ण रंगवलेली पाहिजे. आमची २ किलो ३०० ग्रॅमची होती. साधी २० लिटरची बादली, नळाचं पाणी, मूर्ती पूर्ण बुडेल इतकं. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. बाजूला एका कागदावर तारीख, वेळ आणि लॉट लिहून ठेवा आणि १५ मिनिटांनी, एका तासाने, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच जागेवरून फोटो काढा.

पहिल्या मूर्तीत काय झालं ते सांगते. पाठ रंगवलेली नव्हती, ती ४० मिनिटांत ढासळली. पण समोरची बाजू, जिथे ॲक्रिलिक होता, ती चार तास मुखवट्यासारखी उभी राहिली, आतली माती गेली तरी बाहेरचं कवच तसंच. सकाळी सगळा गाळ झाला होता, वर गुलाबी आणि सोनेरी पापुद्रे तरंगत होते, तार आणि मोती तळाशी. ताई बराच वेळ त्या बादलीकडे बघत बसली. म्हणाली, "हे पापुद्रे मी आजवर कधी पाहिलेच नाहीत, मी नेहमी नवलखीच्या विसर्जन तलावात सोडून येते ना."

मग काकांना सांगून काही मूर्ती अशा करून घेतल्या ज्यात अंगाला गेरू आणि मुलतानी माती, दोन्ही डिंकात, आणि ॲक्रिलिक फक्त मुकुटावर. त्यातली एक टाकली तर दोन तासांच्या आत बसली. तिसरी मूर्ती आम्ही मुद्दाम नुकतीच केलेली, आतून ओलसर टाकली आणि ती सगळ्यात हट्टी निघाली, पाच तासांनंतरही मोठे गोळे होते. ह्याला कारण आहे: पूर्ण सुकलेली माती पाणी झपकन शोषते, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि ती फुटते. ओलसर मातीत पाणी आधीच भरलेलं असतं म्हणून ती तशी फुटत नाही. पावसाळ्यात घाईत बनवलेल्या मूर्ती आतून ओल्याच असतात हे लक्षात ठेवा.

आता तीन आकडे हातात आहेत, मजकुरात कुठला लिहायचा? सगळ्यात वाईट. दोन तास लिहिलं आणि कुणाची मूर्ती पाच तास राहिली तर तुमचा सगळा मजकूर तिच्यासाठी खोटा झाला. आम्ही 'रात्रभर' लिहिलं. आणि 'बादलीत' लिहिलं, तलावात नाही, कारण तलावात आम्ही तपासलं नाही.

चौथी पायरी: आधी वस्तू सुधारा, मग वाक्य

कागद समोर ठेवून पाहिलं की काय काय सहज बदलता येतं. मोत्यांच्या जागी सुती धागा, लगेच झालं. फोमच्या जागी जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या आणि दुहेरी पुठ्ठा, पहिल्या खेपेत दोन मूर्तींचे कान गेले, मग पट्ट्या जास्त घट्ट भरल्या. मुकुटाचं सोनेरी मात्र ताईने काढलं नाही, ग्राहक त्याच्यावाचून घेत नाहीत, आणि सोंडेतली तार पण राहिली. ठीक आहे. जे राहिलं ते लिहायचं, बस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या विसर्जनाच्या सूचना पण एकदा वाचून घ्या, त्यात पीओपी, थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकला मनाई आहे, म्हणजे 'आमच्या मूर्तीत थर्माकोल नाही' ही काही वेगळी फुशारकी मारायची गोष्ट नाही, ते तर त्या सूचनांमध्येच सांगितलंय.

मग शेवटी हा मजकूर झाला:

> ९ इंची गणपती, न भाजलेल्या शाडू मातीचा. प्लास्टर ऑफ पॅरिस नाही. अंगाला गेरू आणि मुलतानी माती, डिंकात घोटलेली. मुकुटावरचा सोनेरी रंग ॲक्रिलिक आहे, सोंडेत आधाराला पातळ लोखंडी तार आहे.
>
> घरी बादलीत रात्रभर ठेवला की माती सुटून तळाशी बसते (ह्याच लॉटच्या मूर्तींवर आम्ही तपासलं, फोटो क्यूआरवर). सकाळी वर तरंगणारे सोनेरी पापुद्रे गाळून सुक्या कचऱ्यात टाका, तार काढून घ्या. गाळ सुकवून आम्हाला परत द्या, काका पुढच्या वर्षी वापरतात.
>
> पॅकिंग पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचं. बाहेरची चिकटपट्टी प्लास्टिकची आहे.

ह्यात 'इको-फ्रेंडली' कुठेच नाही. ताईला आधी भीती वाटली की सर्चमध्ये लोक तोच शब्द टाकतात, मग आपण सापडणार कसे. तर 'शाडू गणपती बडोदा' पण लोक शोधतात, आणि शब्द वापरायचाच असेल तर त्याला लगेच त्याच वाक्यात बांधा: 'घरी विसर्जन करता येईल अशी शाडूची मूर्ती, म्हणून इको-फ्रेंडली म्हणतो'. मला तरी तो नसलेलाच बरा वाटतो.

दोन गोष्टी ह्या मजकुरात बघून घ्या. एक, जी अट आहे ती दाव्याला चिकटून आहे, खाली बारीक अक्षरात नाही. सणाच्या दिवसात मजकूर फॉरवर्ड होतो, कुणी पहिल्या दोन ओळी कॉपी करतं, क्यूआर मागे राहतो, म्हणून सोनेरी ॲक्रिलिकची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात घातली. दुसरं म्हणजे गाळाबद्दल. आधी आम्ही 'कुंडीत घाला' लिहिलं होतं, सगळेच लिहितात, पण शाडू फार बारीक चिकण माती आहे, नुसती कुंडीत ओतली तर वर पापडी धरते आणि पाणी मुरत नाही, झाड गुदमरतं. घालायचीच असेल तर चार-पाच भाग नेहमीच्या मातीत एक भाग, आणि तुळस किंवा खायच्या झाडात रंगाचा गाळ नको. एवढं सगळं लेबलवर मावत नव्हतं म्हणून परत घेण्याचं ठेवलं, आणि खरंच परत घेतो म्हणून लिहिलं, नाहीतर तोही एक खोटा दावाच झाला असता.

लेबल छापताना

इथे आमचं एकदा बिघडलं. लेबल गुजरातीत पण पाहिजे होतं, छापणाऱ्याला मजकूर दिला, आणि प्रूफ आलं त्यात त्याने आपणहून वर 'इको-फ्रेंडली' आणि गोल शिक्क्यासारखं हिरवं पान टाकलेलं, त्याच्याकडे तयार डिझाइन होतं. त्याला वाटलं छान दिसतंय. हिरवा रंग किंवा साधं पान असण्यात काही गैर नाही, सूचनांमध्येही साध्या रंगसंगतीला सूट आहे, पण चिन्ह आणि चित्रांनी दिशाभूल करणं हेही ग्रीनवॉशिंगमध्येच येतं आणि गोल शिक्का पाहिला की माणसाला वाटतं कुणी तरी प्रमाणपत्र दिलंय. काढायला लावलं. तेव्हापासून मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही प्रूफ समोरासमोर ठेवून ओळ-ओळ ताडून बघतो, भाषांतरात 'बादलीत रात्रभर' चं 'पाण्यात सहज' व्हायला वेळ लागत नाही.

बाकी दोन गोष्टी पटकन सांगून ठेवते. बियांचा गणपती विकत असाल तर 'झाड उगवेल' लिहू नका. त्याच लॉटच्या दहा बिया ओल्या कापडात ठेवून मोजा किती उगवल्या, आणि मग एक मूर्ती फोडून तिच्यातल्याही मोजा, कारण दमट मातीत महिनाभर राहून बी खराब होते. बियांचं नाव लिहा, आकडा लिहा. आणि 'कंपोस्टेबल' पिशवीत पॅक करत असाल तर पिशवी बनवणाऱ्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते मागा आणि त्यावर आयएस १७०८८ आहे का बघा, तरीही घरच्या कुंडीत ती कुजेलच असं नाही, हे प्रमाण औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेसाठी आहे.

फाइल

सगळे फोटो, बाटल्यांच्या लेबलांचे फोटो, काकांकडून माती-रंगाची सहीची चिठ्ठी आणि बादलीचा कागद एका फोल्डरमध्ये ठेवा, लॉटच्या नावाने. मांजलपूरच्या एका काकूंनी ताईला मेसेज केला होता, "दुसरीकडे शंभर टक्के नॅचरल लिहिलंय, तुमच्यात ॲक्रिलिक आहे म्हणता, मग तुमची का घेऊ?" ताईने वाद नाही घातला, तिने बादलीचे चार फोटो पाठवले आणि लिहिलं की काकू, त्यांना पण रंगाच्या बाटलीचा फोटो मागून बघा. त्यांनी शेवटी कुणाची घेतली ते माहीत नाही.

फाइल एकदा करून संपत नाही. ऑगस्टच्या मध्यात काकांचा गेरू संपला आणि त्यांनी दुसऱ्या दुकानातून 'तसाच दिसणारा' डबा आणला. ताईने ओलं फडकं घासलं, रंग आला नाही. त्या लॉटच्या मूर्तींची लेबलं वेगळी छापली, 'अंगाचा रंग ॲक्रिलिक', आणि पहिली ओळ त्यांच्यापुरती बदलली.